फोटोतल्या ▲▼ चं अधिक-उणे: कोणता मार्ग कधी धरावा

तक्त्याच्या फोटोवरून बदलाचा रकाना स्प्रेडशीटमध्ये आणताना आकडे बहुतेक नीट उतरतात, दगा देतो तो बाण. ‘▼ 2.5’ मधला बाण गळला की उरतो नुसता 2.5. घट होती तिथे वाढ दिसते, आणि आकड्यात खटकण्यासारखं काहीच नसतं. म्हणून मार्ग निवडताना तो किती चुकतो यापेक्षा चुकल्याचं कळतं का, हे आधी बघावं.

सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे सगळा तक्ता ओसीआरमधून काढायचा आणि मग बाणांच्या जागी चिन्हं घालायची. अडचण अशी की अशी साधनं मुख्यतः अक्षरं-अंक ओळखण्यासाठी तयार केलेली असतात. भरीव त्रिकोण दिसला की ती जवळचं काहीतरी बसवतात: ▲ चा A किंवा 4 होतो, ▼ चा v किंवा Y. अक्षर आलं तर बरंच, ते डोळ्यांत भरतं. पण ‘▲ 1.3’ चा ‘41.3’ झाला तर तो साधा आकडा म्हणून पुढे सरकतो. हा मार्ग घ्यायचाच असेल तर बाण नसलेल्या सेलला अधिक समजू नका, तिथे त्रुटी दिसू द्या:

```
=IF(LEFT(A2,1)="▲",1,IF(LEFT(A2,1)="▼",-1,NA()))*VALUE(TRIM(MID(A2,2,20)))
```

गळलेला बाण इथे #N/A म्हणून समोर येतो. 41.3 च्या सुरुवातीलाही बाण नसल्यामुळे तिथेही #N/A च येतो. #N/A दिसला की मूळ फोटो बघावाच लागतो.

दुसरा मार्ग बाणांचा रकाना वेगळा कापून आकार मोजण्याचा. ओळी शेकड्यांनी असतील तर हाच परवडतो. बाणाभोवती घट्ट चौकट घ्यायची, ती मधोमध आडवी छेदायची आणि दोन्ही भागांतली शाई मोजायची. ▲ मध्ये खालच्या अर्ध्यात तीन चतुर्थांश शाई असते, ▼ मध्ये वरच्या अर्ध्यात. फरक इतका मोठा आहे की थोडा धूसर फोटोही चालतो. मात्र ↑ अशा दांडीच्या बाणाला हीच कसोटी लावली तर उत्तर बरोब्बर उलटं येतं, कारण त्याचं टोक, म्हणजे जास्त शाई, वर असते. तक्त्यात कोणता बाण आहे ते बघितल्याशिवाय नियम ठरवू नये. चौकट सैल राहिली, शेजारची रेघ आत आली, तरी मोजणी बिघडते.

रंगावरून ओळखणं त्याहून सोपं वाटतं, पण मी ते टाळायला सांगेन. अनेक तक्त्यांत हिरवा म्हणजे ‘चांगलं’, ‘वाढ’ नव्हे. बेरोजगारी घटली की खाली बाण आणि तोही हिरवा. चीन-जपानच्या शेअर बाजारांत तर वाढच लाल रंगात दाखवतात.

माझी पसंती तिसऱ्या मार्गाला, पण त्यासाठी तक्त्यात मागचा आणि आताचा असे दोन्ही आकडे हवेत. मग बाण वाचायचाच नाही, वजाबाकी करायची. 48.2 वरून 45.7 म्हणजे −2.5, बाण वाचता आला नाही तरी चालेल. 39.6 वरून 40.9 म्हणजे +1.3, आणि ओसीआरने दिलेला 41.3 तिथेच उघडा पडतो. एकच फट राहते. 22.4 वरून 22.4, आणि समोर ‘▼ 0.1’ छापलेलं. ही छपाईची चूक असेलच असं नाही: मूळ आकडे 22.44 आणि 22.36 असतील तर दोन्ही 22.4 दिसतात, फरक मात्र −0.08, म्हणजे एका दशांशात −0.1. एक दशांश छापलेल्या तक्त्यात वजाबाकी आणि छापील बदल यांच्यात 0.1 चा फरक चालवून घ्यावा. जिथे बदलच तेवढा लहान आहे, तिथे चिन्ह फक्त बाणाकडून मिळतं. त्या ओळी डोळ्यांनी तपासाव्यात.

हाताने टाइप करणं वीस-पंचवीस ओळींपर्यंत कोणत्याही मार्गापेक्षा लवकर उरकतं. फक्त आधी सगळे आकडे आणि नंतर सगळी चिन्हं अशा दोन फेऱ्या कराव्यात. एकाच फेरीत नजर आकड्यावर राहते आणि उणे सुटतं.

मार्ग कोणताही असो, तक्त्याखालची टीप आधी वाचावी. जपानी हिशेबपत्रकांत △ किंवा ▲ म्हणजे उणे. क्रमवारीच्या तक्त्यात सातव्यावरून चौथ्यावर आलेल्यासमोर ‘▲ 3’ असतं: स्थान सुधारलं, पण 4 − 7 म्हणजे −3. अशा रकान्याला ‘क्रमातली सुधारणा’ असं नाव देऊन +3 ठेवता येतं किंवा ‘क्रमांकातला फरक’ म्हणून −3. दोन्ही चालतात, शीर्षक तसं हवं. बाणाऐवजी आडवी रेघ असेल तर ती ‘बदल नाही’ आहे की ‘माहिती नाही’ हेही टीपच सांगते. पहिल्याला 0 लिहावं, दुसऱ्याला सेल रिकामा ठेवावा, नाहीतर सरासरी बिघडते.