रॅम तपासायची: रात्रभर टेस्ट की एकेक स्टिक?

पीसी मधूनच रीस्टार्ट होतोय आणि संशय रॅमवर आहे. दोन्ही स्टिक तशाच ठेवून पेनड्राइव्हवरून MemTest86 ही रॅमची टेस्ट चालवायची, की एकेक काढून बघायची?

मेहनत टेस्टला कमी. कॅबिनेट उघडावंच लागत नाही. एक एरर आली तरी दोष नक्की. पण तो स्टिकचा, स्लॉटचा की BIOS मधल्या XMP या सेटिंगने रॅमला दिलेल्या वाढीव वेगाचा, हे कळत नाही. म्हणून XMP बंद करून पुन्हा चालवा.

एकेक स्टिक तपासायला वेळ जातो, उत्तर मात्र नेमकं मिळतं. पॉवर केबल काढा, स्टिक 'टक्' आवाज येईपर्यंत दाबून बसवा (कधी कधी एवढ्यानेच दुखणं जातं), मग टेस्ट लावा. माझ्याकडे पहिली स्टिक A2 स्लॉटमध्ये एरर देत होती, B2 मध्ये स्वच्छ. दुसरीही A2 मध्येच अडखळली. म्हणजे खोट स्लॉटमध्ये! अदलाबदल केली नसती तर चांगली स्टिक फेकली असती.

क्रॅश आठवड्यातून एखादा असेल तर आधी रात्रभर टेस्ट. रोजचाच असेल किंवा टेस्टमध्ये एरर दिसली असेल, तर सरळ स्क्रूड्रायव्हर घ्या.