आठ महिने मंजुरीची साखळी वापरली, आणि एका फोन नंबरामागून भलताच नियम साइटवर गेला

आमच्या कंपनीच्या साइटवर पाच विभाग मजकूर भरतात. आठ महिन्यांपूर्वी आम्ही, साइट ज्या ड्रुपलवर चालते त्यातली मजकूर मंजूर करून घेण्याची सोय, Content Moderation, सुरू केली. Draft आणि Published या तयार अवस्थांच्या मध्ये ‘तपासणीत’ ही एक अवस्था आम्ही घातली. लेखक मसुदा तपासणीला पाठवणार, मंजुरीदार तो प्रसिद्ध करणार किंवा परत पाठवणार, आणि प्रत्येक विभागाचा मंजुरीदार वेगळा. पहिले दोन महिने इतके सुरळीत गेले की तेव्हा मी पाचपैकी पाच गुण दिले असते. आज साडेतीन देतो.

दीड गुण रिफंडच्या पानाने खाल्ले. त्या पानावरची रिफंडची मुदत १५ दिवसांवरून ३० दिवस करायचा मसुदा मार्केटिंगने तयार केला. पान त्यांच्या आणि विधी विभागाच्या सामाईक जबाबदारीचं, म्हणून मसुदा विधी विभागाकडे तपासणीला गेला आणि ९ दिवस तिथेच पडून राहिला. साइटवर अर्थातच १५ दिवस दिसत होते. दहाव्या दिवशी ग्राहक सेवेच्या लक्षात आलं की त्याच पानावरचा फोन नंबर चुकलाय. त्यांच्या लेखिकेने Edit उघडलं, नंबर बदलला, त्यांच्या मंजुरीदारांनी नंबर ताडून पाहिला आणि पान प्रसिद्ध केलं. त्याबरोबर ३० दिवसही प्रसिद्ध झाले. आम्हाला कळलं ते एका ग्राहकाने खरेदीनंतर २२व्या दिवशी रिफंड मागून पानाचा स्क्रीनशॉट जोडला तेव्हा.

“अहो, मी फक्त नंबर बदलला,” असं ती लेखिका पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि तिचं खरं होतं. Edit उघडलं की समोर येते ती शेवटची आवृत्ती, साइटवर दिसणारी नव्हे. आवृत्त्यांची रांग एकच असते आणि तिला फाटे फुटत नाहीत. म्हणजे मार्केटिंगच्या मसुद्यावरच तिचा नंबर चढला, आणि प्रसिद्ध करताना दोन्ही गोष्टी एकत्र बाहेर पडल्या. पानावर Latest version हा टॅब दिसतोय, म्हणजे कुणाचा तरी मसुदा अडकलाय, एवढी खूण असते. पण ती आम्ही कुणालाच शिकवली नव्हती.

त्या आठवड्यात मी सिस्टीमवर भयंकर चिडलो होतो. आता मत बदललंय, कारण भोक आम्हीच पाडलं होतं. प्रसिद्ध करण्याची परवानगी भूमिकेला मिळते, ती विभागापुरती आपोआप मर्यादित होत नाही. आम्ही पाच विभागांना पाच भूमिका दिल्या, पण पान कुणाचं हे कुठेच नोंदवलं नाही. त्यामुळे ग्राहक सेवेच्या मंजुरीदारांना रिफंडचा नियमही प्रसिद्ध करता येत होता. नंतर Workbench Access हे मॉड्यूल घेऊन पानं विभागवार वाटली. आता प्रत्येक पानाला एकच मालक विभाग आहे. बाकीचे दुरुस्ती कळवतात, पान स्वतः उघडत नाहीत.

मंजुरीदारांची सवयही बदलावी लागली. पूर्वी ते शेवटचे दोन मसुदे ताडून पाहायचे. त्यात फक्त नंबराचा फरक दिसतो, कारण ३० दिवस आधीच्या मसुद्यातही होतेच. आता नियम असा आहे की तुलना साइटवर चालू असलेल्या आवृत्तीशीच करायची. Diff मॉड्यूलमध्ये Revisions टॅबवर दोन आवृत्त्या निवडता येतात, अर्धं मिनिट लागतं. तेवढं केलं असतं तर मुदतीचा बदल त्या दिवशीच डोळ्यात भरला असता.

तातडीच्या दुरुस्तीचा प्रश्न मात्र मालकी ठरवून सुटत नाही. मालकाचाच मसुदा अडकला असला तर मालकालाही तीच अडचण. म्हणून फोन नंबर आम्ही पानातून काढून वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवला. ब्लॉकचा तो प्रकार मंजुरीच्या साखळीत घातलेला नाही, त्यामुळे बदल लगेच दिसतो. नंबरासाठी हे हवंच होतं. पण हेच दार दुसरीकडेही उघडं असतं: मीडिया लायब्ररीत पीडीएफ बदलली की ती जिथे जिथे जोडलीय तिथे कुणालाही न विचारता बदलते. दरपत्रकांच्या पीडीएफसाठी मीडियाचा वेगळा प्रकार करून तो साखळीत घातला, तेव्हा कुठे मला झोप लागली.

आणखी एक उणीव अजून तशीच आहे. भूमिकांच्या परवानग्या एकमेकींत मिळवल्या जातात. एकाच व्यक्तीला लेखक आणि मंजुरीदार अशा दोन्ही भूमिका दिल्या, तर ती स्वतःचा मसुदा स्वतःच मंजूर करू शकते. ‘लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा’ हे साखळी आपणहून पाळून घेत नाही. आम्ही कुणालाच दोन्ही भूमिका देत नाही. दोन माणसांच्या विभागात एक जण रजेवर गेला की काम थांबतं, आणि ते आम्ही थांबू देतो.

जो मसुदा तीन दिवसांत मंजूर होणार नाही असं दिसतं, तो आता अप्रसिद्ध अशा वेगळ्या पानावर लिहितो आणि मंजुरीनंतरच मूळ पानात आणतो. हे हाताने करावं लागतं, कंटाळवाणं आहे. विधी विभागाचा एक मसुदा आजच असा हलवला.