पेशीविभाजन बघायला कांद्याचं मूळ की प्राण्याची पेशी?

सोलापूरच्या मार्केट यार्डातला कांदा प्रयोगशाळेला स्वस्त पडतो आणि त्याच्या मुळाच्या टोकात पेशीविभाजन छान दिसतं. सेंट्रिओल, म्हणजे प्राण्याच्या पेशीतल्या नळीसारख्या छोट्या रचना, मात्र शोधू नका. कांद्याच्या पेशीत ते नसतातच. तिथं सूक्ष्मनलिका केंद्रकाभोवती आणि गुणसूत्रांजवळ उगवतात, म्हणून स्पिंडलची, म्हणजे गुणसूत्रं वेगळी ओढणाऱ्या या नलिकांच्या जुडग्याची, टोकं बोथट राहतात.

प्राण्याच्या पेशीत एस टप्प्यात, म्हणजे डीएनएची प्रत बनते तेव्हा, प्रत्येक जुन्या सेंट्रिओलला काटकोनात चिकटून एकच नवा तयार होतो. पुढं सेंट्रिओलची एकेक जोडी असलेले दोन सेंट्रोसोम दूर सरकून टोकदार ध्रुव बनतात. पीएलके४ हे एन्झाइम वाढलं, तर एकाऐवजी अनेक सेंट्रिओल फुटतात. मग तीन ध्रुवांचा स्पिंडल दिसतो आणि गुणसूत्रांची वाटणी फसते. गंमत म्हणजे, लेझरनं सेंट्रोसोम नष्ट केले तरी प्राण्याची पेशी स्पिंडल उभारू शकते, तेही बरंचसं कांद्याच्याच पद्धतीनं!

गुणसूत्रं बघायची तर कांदाच बरा. ध्रुवांसाठी प्राण्याची तयार स्लाइड मागवा.