आईच्या शुगर-बीपीसाठी क्लिनिकची वेळ घ्यावी की व्हिडिओवर दाखवावं? आणि रिपोर्ट ठेवायचे कुठे?

असं एक घर धरू. आई सातारा जिल्ह्यातल्या गावी, वय 64, शुगर आणि बीपी दोन्ही. लेक पुण्यात. डॉक्टर साताऱ्यात, दर तीन महिन्यांनी दाखवायला बोलावतात. लेकीच्या फोनमधलं आरोग्य ॲप त्याच डॉक्टरांच्या नावापुढे दोन पर्याय दाखवतं, क्लिनिकला भेट किंवा व्हिडिओ. या खेपेला कोणता निवडायचा?

मी आधी एकच गोष्ट बघते: डॉक्टरांना हात लावून तपासायचंय का? पायाला मुंग्या येतात, तळव्याला जखम आहे, धाप लागते, पोटात दुखतं, यातलं काहीही असेल तर क्लिनिकचीच वेळ घ्या. शुगरच्या पेशंटच्या पायाची संवेदना बारीक नायलॉनच्या तंतूने टोचून बघतात, पायाची नाडी बोटांनी चाचपतात. हे कॅमेऱ्यातून होत नाही. छातीत दुखतंय किंवा अचानक तोंड वाकडं झालंय, तर ॲप उघडूच नका, 108 ला फोन लावा. पण त्रास नवा नाही, घरच्या मशीनवर बीपीची नोंद आहे, रक्ताचा रिपोर्ट हातात आहे आणि गोळ्यांचं पुढे काय एवढंच विचारायचंय, तर आईला एसटीने साताऱ्याला नेऊन दोन तास बसवण्यात काही हशील नाही. व्हिडिओ पुरतो.

व्हिडिओवर डॉक्टर काय लिहून देऊ शकतात याचे नियम ठरलेले आहेत. 25 मार्च 2020 ला केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यांत औषधांच्या याद्या आहेत. पहिल्याच व्हिडिओ भेटीत त्वचेचं मलम किंवा डोळ्यांचे थेंब यांसारखी तुलनेने सुरक्षित औषधं देता येतात. मेटफॉर्मिनसारखी आधीपासून चालू असलेली शुगर-बीपीची गोळी पुढे चालू ठेवता येते. चालू गोळीला नवी जोड द्यायची असेल, उदाहरणार्थ मेटफॉर्मिनसोबत सिटाग्लिप्टिन, तर ती भेट ‘फॉलो-अप’ असावी लागते. मॉर्फिन, कोडीन यांसारखी औषधं अशा भेटीत मिळतच नाहीत.

फॉलो-अप कशाला म्हणायचं, हेही तिथेच लिहिलंय. त्याच डॉक्टरांना, त्याच आजारासाठी, गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष दाखवलेलं असलं पाहिजे. शिवाय डॉक्टरांना आधीचे उपचार आठवत नसतील तर तो फॉलो-अप धरला जात नाही. दिवसाला ढीगभर पेशंट बघणाऱ्या डॉक्टरांना तुमच्या आईचा डोस तोंडपाठ नसणार. त्यांना आठवण देणारे कागद तुमच्याकडे हवेत. रिपोर्टच्या फोल्डरकडे मी एवढं लक्ष देते ते यासाठी.

आता आईचीच भेट बघू. जानेवारीत क्लिनिकमध्ये दाखवलं तेव्हा एचबीए1सी 7.4 टक्के. एप्रिलच्या रिपोर्टमध्ये 8.3. ही तपासणी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगते, तेव्हा वाढ कालच्या पुरणपोळीची नाही. लेकीने व्हिडिओची वेळ घेताना तीन गोष्टी जोडल्या: दोन्ही रिपोर्ट, जानेवारीचं प्रिस्क्रिप्शन आणि दोन आठवड्यांच्या बीपीच्या आकड्यांचा फोटो. क्रिएटिनिनचा रिपोर्टही त्यातच होता. तो विसरू नका, कारण मूत्रपिंड कसं चाललंय यावर मेटफॉर्मिन आणि सिटाग्लिप्टिन दोन्हींचा डोस ठरतो. प्रत्यक्ष भेट तीन महिन्यांपूर्वीची, आजार तोच, डॉक्टर तेच, म्हणून व्हिडिओवर गोळी वाढवता आली. लेक पुण्याहून जोडली गेली तरी कॅमेऱ्यासमोर आईच हवी. पेशंट समोर नसताना सज्ञान माणसाच्या वतीने बोलायचं तर नातं किंवा अधिकार दाखवणारा कागद मागितला जाऊ शकतो. भेट संपल्यावर प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, ते बघा. तो नसेल तर मेडिकलवाला अडवेल, आणि त्याचं बरोबरच आहे.

जुलैची भेट मात्र क्लिनिकमध्येच व्हायला हवी. एक तर सहा महिने भरत येतात, दुसरं म्हणजे पाय तपासायचे राहिलेत. माझ्या मते अशा पेशंटसाठी आलटून-पालटून, एकदा व्हिडिओ आणि एकदा क्लिनिक, हीच पद्धत सोयीची. क्लिनिकची वेळ घेताना एक काळजी घ्या. लहान शहरांत ॲपवर ‘कन्फर्म’ दिसलं तरी काउंटरवर टोकननेच सोडतात. आदल्या दिवशी फोन करून विचारा.

सरकारी ई-संजीवनी ही व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलायची सेवा हा तिसरा पर्याय, आणि तो फुकट आहे. तिथे रांगेचं टोकन मिळतं, समोर जे डॉक्टर येतील त्यांच्याशी बोलायचं, आपले डॉक्टर निवडता येत नाहीत. म्हणून सलग चाललेल्या आजारासाठी तो माझी पहिली निवड नाही. पण गावच्या उपकेंद्रातून त्याचा उपयोग वेगळाच होतो: तिथले समुदाय आरोग्य अधिकारी बीपी आणि शुगर स्वतः मोजतात आणि मग डॉक्टरांशी जोडून देतात. आईला फोन हाताळता येत नसेल तर कुठल्याही खाजगी ॲपपेक्षा हे बरं.

रिपोर्टचं म्हणाल, तर ॲपमधलं फोल्डर सोयीचं आहे. व्हिडिओच्या वेळी एका टिचकीत रिपोर्ट जोडता येतो. पण ते त्या ॲपच्या खात्याला आणि मोबाइल नंबरला बांधलेलं असतं. नंबर बदलला, किंवा डॉक्टर दुसऱ्या ॲपवर गेले, की तुमची तीन वर्षं मागे राहतात. आभा या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा 14 अंकी क्रमांक कोणत्याही एका ॲपचा नाही. वेगवेगळ्या दवाखान्यांतले रिपोर्ट त्याला जोडता येतात, आणि डॉक्टरांना दाखवायचे तर कोणते, कुठल्या तारखांचे आणि किती काळ, हे तुम्ही ठरवता. ती संमती मागेही घेता येते. मर्यादा एकच, पण मोठी: लॅब किंवा दवाखाना त्या यंत्रणेत नसेल तर रिपोर्ट आपोआप येत नाही, स्वतः चढवावा लागतो. गावाकडच्या लॅबच्या बाबतीत हे गृहीतच धरा.

म्हणून मूळ प्रती मी ड्राइव्हवरच्या स्वतःच्या एका फोल्डरमध्ये ठेवायला सांगेन, आणि ॲप व आभा या दोन्ही ठिकाणी तिथून प्रती जाऊ द्याव्यात. फाइलच्या नावात तारीख आधी, वर्षापासून, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते:

```
2025-01-11_आई_HbA1c.pdf
2025-01-11_आई_प्रिस्क्रिप्शन.pdf
2025-04-12_आई_HbA1c.pdf
2025-04-12_आई_creatinine.pdf
```

लॅबने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ त्याच दिवशी इथे उतरवून घ्या. महिन्यांनी उघडायला गेलं तर ती कित्येकदा उतरतच नाही. पीडीएफला पासवर्ड असेल तर एकदा उघडून ‘प्रिंट’मधून नवी पीडीएफ करून ठेवा, नाहीतर व्हिडिओच्या वेळी डॉक्टर पासवर्ड विचारत बसतात. कागदी रिपोर्टचा फोटो काढताना लॅबचं नाव, तारीख आणि सामान्य मर्यादेचा रकाना चौकटीत आला पाहिजे, कारण हा रकाना लॅबनुसार बदलतो. एमआरआय किंवा सीटी स्कॅनच्या फिल्मचा फोटो डॉक्टरांच्या कामाचा नसतो. लेखी रिपोर्ट फोल्डरमध्ये ठेवा, आणि सेंटरने दिलेली सीडी किंवा लिंक जपून ठेवून क्लिनिकच्या भेटीला सोबत न्या.