३८,५०० रुपयांचा 'एनर्जी ऑडिटर' – माझं काय झालं ते वाचा आणि मगच फी भरा

हे लिहायला मला लाज वाटतेय खरं तर, पण परवा एका ज्युनिअरने त्याच कोर्सची जाहिरात मला फॉरवर्ड केली आणि विचारलं दादा घेऊ का, म्हणून लिहितोय. इन्स्टिट्यूटचं नाव टाकत नाही, वकिलाने नको म्हणून सांगितलंय, आणि तसंही नावं बदलतात, पद्धत तीच असते.

मी मेकॅनिकल इंजिनिअर, भोसरीत एका कंपनीत सहा वर्षं युटिलिटी बघत होतो, बॉयलर, कॉम्प्रेसर, चिलर हे सगळं. २०२३ मध्ये स्वतःचं काहीतरी करायचं डोक्यात होतं आणि एनर्जी ऑडिटमध्ये, म्हणजे कारखान्यात ऊर्जा कुठे वाया जाते ते मोजून सांगण्यात, काम आहे असं सगळे म्हणत होते. तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली, 'सर्टिफाइड एनर्जी ऑडिटर, आंतरराष्ट्रीय मान्यता, सरकारमान्य, पाच वीकेंड'. फी ३८,५०० रुपये. फोन केला तर बाई इतक्या गोड बोलल्या की विचारू नका, म्हणाल्या सर बीईईची, म्हणजे सरकारच्या ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची, परीक्षा कधी निघेल काही नेम नसतो, तोपर्यंत हे घ्या, इक्विव्हॅलंटच आहे, क्लायंट दोन्ही चालवून घेतात.

हा 'इक्विव्हॅलंट' शब्द लक्षात ठेवा.

मी सरकारमान्यतेचे कागद मागितले, अगदीच आंधळा नव्हतो. त्यांनी पाठवले पण. उद्यम रजिस्ट्रेशन, आयएसओ ९००१ चं सर्टिफिकेट आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा एक नंबर. मला वाटलं बापरे नीती आयोग! आता कळतं की उद्यम म्हणजे तुमचा छोटा धंदा आहे एवढी नोंद, वडापावची गाडीसुद्धा करू शकते, आयएसओ ९००१ म्हणजे त्यांच्या ऑफिसची कामाची पद्धत कुणीतरी तपासली (तपासली असेल तर), आणि दर्पण म्हणजे एनजीओंची नोंदणी. यातल्या एकाही कागदावर असं लिहिलेलं नाही की हे लोक इंजिनिअरला एनर्जी ऑडिटर बनवू शकतात. तीनही कागद खरे होते, म्हणूनच मी फसलो.

शिकवलं बरं का, अगदीच वाईट नव्हतं. शेवटी चाळीस मार्कांची ऑनलाइन टेस्ट, सगळे पास, आणि जाड कागदावर सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट, त्यावर नंबर आणि क्यूआर कोड. आईने फ्रेम करून घेतली.

मग २०२४ मध्ये इचलकरंजीकडच्या एका कापड मिलचं, प्रोसेस हाऊसचं, काम मिळालं, ओळखीतून. अडीच लाखांचं काम, ८० हजार अ‍ॅडव्हान्स. पॉवर अ‍ॅनालायझर आणि फ्ल्यू गॅस अ‍ॅनालायझर भाड्याने आणला, आठ दिवस तिथे राहून मोजमाप केलं. बॉयलरच्या चिमणीत ऑक्सिजन ११ टक्के निघाला, म्हणजे जादा हवा ११० टक्के (२१ वजा ११ म्हणजे १०, मग ११ भागिले १०, गुणिले शंभर), कोळशाची उष्णता सरळ आकाशात जात होती. काम मी प्रामाणिकपणे केलं होतं हे मी आजही सांगेन. नव्वद पानी रिपोर्ट दिला.

चौथ्या दिवशी त्यांच्या एनर्जी मॅनेजरचा फोन. साठीतले गृहस्थ, शांत आवाज. म्हणाले, "रिपोर्ट वाचला, मोजमाप चांगलं आहे. तुमचा ईए, म्हणजे एनर्जी ऑडिटरचा नंबर कुठे दिसला नाही मला, आणि एईए, अ‍ॅक्रेडिटेड एनर्जी ऑडिटर, कोण आहेत तुमच्याकडे?" मी सर्टिफिकेटवरचा नंबर सांगितला. ते म्हणाले, "हा बीईईचा नाही हो. मी स्वतः बीईईची परीक्षा दिलेली आहे, मला माहितीये नंबर कसा असतो."

मी म्हटलं सर इक्विव्हॅलंट आहे. ते हसले नाहीत, ते जास्त लागलं.

मग त्यांनी मला गणित करून दाखवलं जे मी स्वतः पहिल्या दिवशी करायला हवं होतं. मिल दिवसाला साधारण २० टन कोळसा जाळते, ३३० दिवस धरले तर ६,६०० टन. उष्मांक किलोला ४,००० किलोकॅलरी धरला तर होतात २,६४० टन तेल-समतुल्य, कारण एक टन तेल-समतुल्य म्हणजे एक कोटी किलोकॅलरी. वीज वर्षाला ६० लाख युनिट, युनिटला ८६० किलोकॅलरी, म्हणजे आणखी ५१६. बेरीज ३,१५६. टेक्स्टाइलला डेझिग्नेटेड कन्झ्युमरची, म्हणजे कायदा ज्यांना मोठे ऊर्जा वापरणारे धरतो त्यांची, रेषा ३,००० आहे. म्हणजे ही मिल ऊर्जा संवर्धन कायदा २००१ च्या कक्षेत बसते, आणि अशा ठिकाणी कायद्याने सांगितलेलं ऑडिट अ‍ॅक्रेडिटेड एनर्जी ऑडिटरकडूनच लागतं. माझा रिपोर्ट त्यांना सरकारी फाइलला लावताच येणार नव्हता. अ‍ॅडव्हान्स परत केला, उपकरणांचं भाडं, राहणं, जाणं-येणं सगळं माझ्या खिशातून. वर ओळखीतल्या माणसाची मान खाली गेली ती वेगळीच.

आता जे मला तेव्हा माहीत नव्हतं ते.

भारतात कायद्यासाठी चालणारं प्रमाणपत्र एकाच ठिकाणचं, बीईईचं. तिथे चार पेपर असतात. पहिले तीन पास झालात तर सर्टिफाइड एनर्जी मॅनेजर, चौथाही झालात तर ऑडिटर, प्रत्येकात निदान ५० टक्के. आणि परीक्षेला बसायलाच अनुभव लागतो, डिग्रीवाल्या इंजिनिअरला तीन वर्षं, डिप्लोमावाल्याला सहा. म्हणजे गंमत बघा, मी आधीपासूनच पात्र होतो! ज्या कोर्सने माझा अनुभव किती हे विचारलंसुद्धा नाही, तिथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. फायनल इयरची दोन पोरं पण होती आमच्या बॅचला, ती पण 'ऑडिटर' झाली.

पण इथेच थांबू नका, कारण खरी बीईई परीक्षा पास होऊनसुद्धा लोक दुसऱ्या खड्ड्यात पडतात. सर्टिफाइड आणि अ‍ॅक्रेडिटेड या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. परीक्षा पास झालात की सर्टिफाइड, मग पाच वर्षं प्रत्यक्ष ऑडिटचा अनुभव दाखवून वेगळा अर्ज करायचा, तेव्हा कुठे अ‍ॅक्रेडिटेड. मोठ्या मिलचं कायदेशीर ऑडिट त्या दुसऱ्या पायरीवरच्या माणसाचं. पहिल्या पायरीवर असताना तुम्ही त्याच्या टीममध्ये काम करू शकता, छोट्या कारखान्यांचं स्वेच्छेने केलेलं ऑडिट करू शकता, अनुभव तिथेच जमतो. अजून एक, परीक्षेचं सर्टिफिकेट पाच वर्षांचं असतं, रिफ्रेशर करून वाढवावं लागतं, म्हणून कुणी जुना नंबर दाखवला तर तारीख पण बघा.

तपासायचं कसं तर सोपं आहे, फक्त सर्टिफिकेटवरचा क्यूआर स्कॅन करून तपासू नका. तो त्यांच्याच वेबसाइटवर जातो, तिथे अर्थातच 'व्हेरिफाइड' लिहून हिरवी टिक येते, माझ्या पण आली होती. स्वतः ब्राउझरमध्ये beeindia.gov.in टाइप करा, तिथे ऑडिटरांच्या याद्या आहेत, सर्टिफाइडची वेगळी, अ‍ॅक्रेडिटेडची वेगळी, त्यात नाव शोधा. महाराष्ट्रात राज्याच्या योजनेतलं काम असेल तर मेडा, म्हणजे राज्याची ऊर्जा विकास संस्था, त्यांची स्वतःची ऑडिट फर्मची यादी असते, ती वेगळी बघा, बीईईचा नंबर आहे म्हणून आपोआप तिथे नाव येत नाही.

आणि नावं सारखी असण्याचा घोळ तर विचारूच नका. अमेरिकेतल्या असोसिएशन ऑफ एनर्जी इंजिनिअर्सचं पण सर्टिफाइड एनर्जी ऑडिटर नावाचं क्रेडेन्शियल आहे, अगदी खरं, त्यात फसवणूक काही नाही. पण ते म्हणजे बीईईचं नव्हे. त्यांचं सीईएम, सर्टिफाइड एनर्जी मॅनेजर, आखातातल्या नोकरीच्या जाहिरातींत दिसतं, माझा मावसभाऊ दुबईत आहे त्याला तेच उपयोगाचं, तो बीईईचं घेऊन काय करणार? मला उलट. तसंच आयएसओ ५०००१ लीड ऑडिटर, पाच दिवसांचा कोर्स, तो कंपनीची ऊर्जा व्यवस्थापनाची पद्धत तपासायला शिकवतो, चिमणीत प्रोब घालायला नाही. ज्यांना सर्टिफिकेशन बॉडीत काम करायचंय त्यांनी तो जरूर करावा.

ग्रीन बिल्डिंगवाल्यांनी एक लक्षात ठेवा, लीड या ग्रीन बिल्डिंगच्या रेटिंगमध्ये 'सर्टिफाइड' ही बिल्डिंग असते. माणूस असतो ग्रीन असोसिएट नाहीतर एपी, म्हणजे अ‍ॅक्रेडिटेड प्रोफेशनल. 'लीड सर्टिफाइड इंजिनिअर' असं सर्टिफिकेट कुणी देत असेल तर त्याला स्वतःलाच विषय माहीत नाही. आणि क्लायंट आयजीबीसी किंवा 'गृहा' या भारतातल्या रेटिंगांपैकी एखादं घेतोय तर त्यांचे प्रोफेशनल वेगळे आहेत, आधी विचारा रेटिंग कुठलं ते.

मी आता काय करतो, तर उलट्या बाजूने जातो. कोर्सवाल्याला विचारत नाही की हे कुठे चालतं, तो चालतंच म्हणणार. ज्या प्रकारचं काम हवंय त्याची चार-पाच जुनी टेंडरं डाउनलोड करायची आणि पात्रतेच्या कलमात शब्द नेमका काय आहे ते वाचायचं. 'बीईई अ‍ॅक्रेडिटेड' आहे, 'बीईई सर्टिफाइड' आहे, की नुसतं 'क्वालिफाइड एनर्जी ऑडिटर'. शेवटचं असेल तर प्री-बिड क्वेरीत लेखी विचारायचं, की याचा अर्थ काय घ्यायचा. फोनवर नाही, लेखी. त्या मिलच्या पर्चेस ऑर्डरमध्येही 'अ‍ॅज पर एनर्जी कन्झर्व्हेशन अ‍ॅक्ट' असं सरळ लिहिलं होतं, मी सही करताना रक्कम वाचली, ते वाचलंच नाही.

पैशाचं म्हणाल तर १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार टाकली. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, त्यात 'सरकारमान्य' शब्द, आणि 'इक्विव्हॅलंट' लिहिलेला चॅट, एवढंच जोडलं. दीड महिन्याने १४,००० आले, 'गुडविल म्हणून'. बाकीचे नाही आले. ज्यांनी सगळं फोनवरच बोलणं केलं होतं त्या बॅचमेट्सना ते पण नाही मिळाले, म्हणून आत्ता कोणी अडकलं असेल तर चॅट डिलीट करू नका कृपया.

बीईईचा फॉर्म मी भरला. तीन पेपर निघाले, चौथा राहिलाय.

आणि ज्युनिअरने फॉरवर्ड केलेली ती जाहिरात नीट झूम करून बघितली. नवीन नाव, नवीन लोगो, फी आता ४२,०००. खाली 'आमचे यशस्वी विद्यार्थी' म्हणून चार फोटो आहेत. त्यातला निळ्या शर्टातला, हातात सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट धरलेला, तो मी आहे. काढा म्हणून दोनदा मेल केलाय, अजून उत्तर नाही.