विवाहसंस्थेचं पॅकेज की मंडळाची फाईल?

धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघताना आम्ही दोन्हीकडे पैसे भरले: एका खासगी विवाहसंस्थेचं पॅकेज घेतलं आणि ज्ञातीच्या वधू-वर सूचक मंडळातही नाव नोंदवलं. शुल्कात मोठा फरक आहे, पण माझा निर्णय त्यावर झाला नाही.

संस्थेच्या बाई फोनवर फार आपुलकीने बोलल्या. "दादा, मुलाकडच्यांना ताईंचा फोटो पसंत आहे, नोंदणी झाली की लगेच नंबर देते." पैसे भरल्यावर कळलं, ते स्थळ 'कालच ठरलं'. एवढं एखाद्या वेळी खरंही असू शकतं.

खरी अडचण पुढे आली. पावतीवर 'सहा महिन्यांत पंधरा स्थळं' असं छापलेलं होतं, पण स्थळ दिलं असं कधी मानायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या हिशेबात व्हॉट्सअ‍ॅपवर बायोडेटा पाठवला की पंधरातलं एक संपलं. वडिलांनी एका घरी फोन केला, तर ते म्हणाले, "आम्ही तिथे नाव दिलेलंच नाही." त्यांनी दुसऱ्याच एका मंडळाच्या परिचय पुस्तिकेसाठी माहिती दिली होती. दुसऱ्या घरी मुलाचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. ही दोन्ही स्थळं आमच्या पंधरात धरलेली. तक्रार केली तर उत्तर आलं, "माहिती देणं आमचं काम, पुढचं तुम्ही बघा." तेव्हापासून आम्ही समोरच्यांना आधी एवढंच विचारायचो: तुम्ही नाव कुठे आणि कधी नोंदवलं?

मंडळातही जुनी स्थळं निघतात. कार्यालय ठरावीक वेळीच उघडं, फोटो धूसर, आणि परदेशातली किंवा पुनर्विवाहाची स्थळं आमच्या मंडळात तरी कमीच. पण पैसे भरण्याआधी फाईल चाळू दिली. फॉर्मवर पालकांची सही आणि नोंदणीची तारीख होती. एक स्थळ ठरल्याचं आम्ही सांगितलं, तेव्हा मंडळातल्या काकांनी समोरच तो कागद फाईलमधून बाहेर काढला.

ज्ञातीबाहेरचं स्थळ हवं असेल तर संस्थेकडे जावं लागेलही. तसं असेल तर 'समोरच्या घराने होकार दिल्यावरच स्थळ मोजलं जाईल' हे वाक्य पैसे देण्याआधी लेखी मागा. ते द्यायला कां कूं झाली, तर मी तरी थांबेन. बाकी कुणाला, माझ्या मते, मंडळाची फाईल आधी बघणं बरं.

पैसे अडकलेच असतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, संस्था दुसऱ्या शहरातली असली तरी. मुदत दोन वर्षांची. त्यासाठी पावती, पैसे भरण्याआधी दाखवलेला बायोडेटा आणि तारखेसकट सगळे मेसेज जपून ठेवा. 'आमच्याकडे नाव नोंदवलेलं नाही' म्हणणाऱ्या घराने तेच दोन ओळींत लिहून दिलं, तर तो कागदही जोडा.