शाळेला द्यायचं पत्र: माझं की हिचं?

नेफ्रोटिक सिंड्रोम ज्यांच्या घरात आहे त्यांना तो काय असतो हे मी सांगायला नको. सकाळी सुजलेले डोळे, आधी ॲलर्जी समजून दिलेले ड्रॉप्स, मग लघवीची पट्टी आणि मग प्रेडनिसोलोन, एवढा प्रवास सगळ्यांचा झालेला असतो. शाळा उघडायच्या सुमाराला मात्र एक प्रश्न उरतो. बाईंना हे सगळं लिहून कसं द्यायचं?

आमच्या घरात या पत्राचे दोन नमुने तयार झाले आहेत. पहिला मी लिहिला, मुलगा पहिलीत असताना. दुसरा यंदा दुसरीसाठी हिने लिहिला. दोन्ही पुण्यातल्या एकाच मराठी शाळेत दिले आणि दोन्हींचा अनुभव घेतला. ज्यांना यंदा पत्र लिहायचं आहे त्यांनी दोन्ही पाहून ठरवावं.

माझं पत्र दोन पानी होतं. ‘मा. मुख्याध्यापक यांस’, खाली ‘विषय: पाल्याच्या आजाराबाबत माहिती व अनुपस्थितीस परवानगी मिळणेबाबत’. मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिनं कशी गळतात, रक्तातलं अल्ब्युमिन का उतरतं, सूज का येते, हे सगळं त्यात होतं. औषधांची नावं आणि मात्रा होत्या. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं होतं. पत्रावर आवक क्रमांक पडला तेव्हा मला फार बरं वाटलं. चूक त्यात एकही नव्हती, हे मी आजही म्हणेन. फक्त ते फाइलला लागलं आणि वर्गशिक्षिकेच्या हातात पडलं ऑगस्टमध्ये.

पण तेवढ्यावरून मी ते बाद केलं नसतं. मला नडलं ते माझंच एक वाक्य. मी ऐटीत लिहिलं होतं: ‘आजार उलटल्यास पाल्य पूर्ण बरा होईपर्यंत शाळेत येऊ शकणार नाही, तो बरा झाल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र सादर केले जाईल.’

आता या आजारात ‘पूर्ण बरा’ कधी म्हणायचं? डॉक्टरांच्या हिशेबात सकाळच्या लघवीत सलग तीन दिवस प्रोटीन निल किंवा ट्रेस आलं की आजार आटोक्यात आला. गोळ्या त्यानंतरही थांबत नाहीत. आमच्याकडे वीस किलोच्या मुलाला रोज 40 मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे दोन, आणि आटोक्यात आल्यावर पुढचे चार आठवडे दिवसाआड 30. कार्यालयातल्या गृहस्थांचा हिशेब वेगळा होता. ते म्हणाले, “गोळ्या चालू आहेत म्हणजे बरा कुठे झालाय? तुम्हीच लिहिलंय.” त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांनी माझं पत्र वाचलं होतं, एवढंच.

मग दर वेळी फिटनेस सर्टिफिकेट आणणं आलं. त्यासाठी नेफ्रॉलॉजिस्टच्या ओपीडीत नंबर लावायचा आणि जुलैच्या पावसात, कोंदट खोलीत, खोकणाऱ्या पोरांच्या मध्ये दीड-दोन तास बसायचं. स्टेरॉइडवरच्या मुलाला सर्दीपासून जपा असं सांगणारे डॉक्टर आत, आणि सर्दी बाहेर बाकावर. सर्दी-खोकल्यानंतर हा आजार उलटतो हे आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलं आहे. एकदा ओपीडीतून आल्यावर तिसऱ्या दिवशी त्याला सर्दी झाली आणि आठवड्याने पट्टी पुन्हा हिरवी. ती सर्दी त्या बाकावरचीच होती असं मी शपथेवर सांगणार नाही, वर्गातूनही आली असेल. पण शाळेत जाता यावं म्हणून काढलेल्या कागदापायी तो पुन्हा घरी बसला असं मला वाटलं, आणि ते मनातून गेलं नाही. गेल्या वर्षी एका खेपेला त्याची सतरा दिवस शाळा बुडाली. त्यातले निम्मे दिवस तो घरात क्रिकेट खेळत होता.

हिने यंदाचं पत्र लिहिताना आधी वर्गशिक्षिकेला भेटून एकच प्रश्न विचारला, “तुम्हाला वर्गात काय दिसेल?” पत्र त्या उत्तरावर बेतलं. एक पान, ते असं:

‘बाई, नमस्कार. आमच्या मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे. त्याच्या लघवीतून प्रथिनं जातात आणि अंगावर सूज येते. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. अधूनमधून उलटतो आणि औषधाने आटोक्यात येतो. स्टेरॉइडची गोळी आम्ही सकाळी नाश्त्यानंतर घरीच देतो, शाळेत काही द्यावं लागत नाही. मात्र सकाळी शाळेत त्याला उलटी झाली तर लगेच फोन करा, कारण गोळी पडून गेली असेल तर डॉक्टरांना विचारून पुढचं ठरवावं लागतं. ही गोळी एकदम बंद पडून चालत नाही.

गोळी जास्त असेल त्या दिवसांत त्याचा चेहरा गोल दिसेल, भूक फार लागेल आणि तो चिडेल किंवा रडेल. हे औषधाने होतं. मधल्या सुट्टीआधी डबा उघडला तर थोडं खाऊ द्या. मुलं चेहऱ्यावरून चिडवत असतील तर आम्हाला कळवा. लघवीला जायचं म्हणाला तर थांबवू नका, सूज उतरवायचं औषध चालू असेल तेव्हा त्याला थांबता येत नाही. सूज असेल तेव्हा वेफर्स, चिवडा, लोणचं नको. एरवी घरचं साधं जेवण चालतं. बरा असताना पीटीला, खेळायला सगळं करू द्या.

गैरहजेरीबद्दल: गेल्या वर्षी आजार तीनदा उलटला. यंदा किती वेळा उलटेल ते सांगता येणार नाही. घरी आम्ही रोज सकाळी लघवी तपासतो. सलग तीन दिवस जास्त प्रोटीन आलं की मोठा डोस सुरू होतो. ताप किंवा बरीच सूज असेल तर तो चार ते सात दिवस घरी राहील. दोन्ही नसेल तर गोळ्या चालू असतानाच शाळेत येईल. येणार नसेल त्या दिवशी सकाळी मेसेज करू. दर दोन महिन्यांनी तपासणीसाठी अर्धा दिवस जाईल, तारीख आधी डायरीत लिहू. दवाखान्यात दाखल करावं लागलं तर आठवडा किंवा जास्त लागेल, तेव्हाच सर्टिफिकेट देऊ.

दोन गोष्टींसाठी वेळ न पाहता फोन करा. एक, पोटात जोरात दुखतंय आणि ताप आहे. दोन, वर्गात कोणालाही कांजिण्या किंवा गोवर झाल्याचं कळलं, मग आमचा मुलगा त्या दिवशी घरी असला तरी.’

कांजिण्यांची ओळ माझ्या पत्रातही होती, ‘संसर्गापासून जपावे’ अशी. त्या शब्दांनी झालं असं की त्याला शेवटच्या बाकावर एकटं बसवलं गेलं आणि एका पालकांनी ‘हे पसरतं का हो?’ असं विचारलं. हिच्या ओळीत बाईंनी करायचं एक काम आहे. त्यामागचं कारण पत्रात नाही, पण बाईंना तोंडी सांगितलं. त्याची कांजिण्यांची लस राहून गेली आहे. ती जिवंत विषाणूची असल्यामुळे मोठ्या डोसवर देता येत नाही. संपर्क आला तर बचावाचं इंजेक्शन जितक्या लवकर मिळेल तितकं चांगलं, शक्यतो चार दिवसांत. मुलाला पुरळ दिसल्यावर आम्हाला कळून उपयोग नाही.

पोटदुखीचंही तसंच. सूज असताना पोटातल्या पाण्यात जंतू शिरले तर तासातासाला फरक पडतो, आणि वर्गात पोटदुखी म्हणजे ‘पाणी पी, बरं वाटेल’ हा रिवाज असतो.

ऑगस्टमध्ये पत्राची परीक्षा झाली. सर्दी झाली, मग सोमवार ते बुधवार पट्टीवर 3+. बुधवारी डॉक्टरांशी फोनवर बोलून 40 सुरू केली. अंगात थोडा ताप होता, डोळ्यांखाली हलकी सूज. गुरुवारी सकाळी बाईंना मेसेज गेला: ‘आजार उलटला आहे, ताप आहे, मंगळवारपर्यंत घरी.’ ताप शनिवारी गेला, सूज वाढली नाही. डॉक्टर म्हणाले, मूल खेळतंय तर पाठवा. बुधवारी तो शाळेत गेला तेव्हा पट्टी अजून 2+ होती. ती निल व्हायला पुढचे काही दिवस लागले, आणि ते त्याने वर्गात काढले. पाच दिवस बुडले. फिटनेस सर्टिफिकेट कोणी मागितलं नाही, कारण पत्रात ‘पूर्ण बरा’ हा शब्दच नव्हता.

माझ्या पत्राच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. हिचं पत्र एका बाईंच्या समजुतीवर उभं आहे. बाई रजेवर गेल्या, बदली शिक्षिका आल्या, तर ते कपाटातच राहतं. मुख्याध्यापकांनी त्यावर सही केली म्हणून कार्यालय गप्प आहे. दुसऱ्या शाळेत असं होईलच असं नाही. वरच्या वर्गात हजेरीचा आणि परीक्षेचा प्रश्न आला की आवक क्रमांक असलेला कागद लागणारच. तेव्हा डॉक्टरांचं एक सर्टिफिकेट आम्ही जूनमध्ये कार्यालयात दिलंच, मात्र त्यात एक वाक्य डॉक्टरांकडून घालून घेतलं: ‘औषधे चालू असताना शाळेत येण्यास हरकत नाही.’ ते या वर्षी दोनदा उपयोगी पडलं.

आणि हिच्या पत्रात एक उणीव आहे, ती मी भरली. त्यात औषधाचं नाव आणि मात्रा नाही. बाईंना त्याची गरज नाही हे हिचं म्हणणं बरोबर, पण शाळेतून थेट दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांना ती लागेल. म्हणून दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक कार्ड ठेवलं आहे: आजाराचं नाव, प्रेडनिसोलोनची आजची मात्रा, रोज की दिवसाआड, आमच्या डॉक्टरांचा नंबर. मात्रा पेन्सिलने लिहिली आहे. ती बदलायची जबाबदारी माझी, आणि परवा ‘दिवसाआड’ सुरू होऊन आठवडा झाला तरी कार्डावर ‘रोज 40’च होतं, हे हिनेच दाखवून दिलं.